चुकलेली गोळी कुणाची?

नेमबाजीच्या खेळात गोळी चुकली की खेळणारा अर्ध्या सेकंदात एक निवाडा करतो: चूक माझी की खेळाची? उत्तर ‘माझी’ असेल तर तो पुन्हा खेळतो. ‘खेळाची’ असेल तर दोन-चार दिवसांत खेळ काढून टाकतो, आणि कुणी विचारलं तर एवढंच सांगतो की गोळ्या लागतच नाहीत. रिकॉइल, स्प्रेड आणि एम असिस्ट या तिन्हींचे आकडे ठरवताना माझ्या मते हाच प्रश्न समोर ठेवावा. प्रत्येक चुकलेल्या गोळीचं कारण खेळणाऱ्याला दिसलं पाहिजे, आणि ते टाळणं त्याच्या हातात असलं पाहिजे.

हे समजून घेण्यासाठी आपण एकच रायफल घेऊ आणि तिचे आकडे सुरुवातीपासून ठरवत जाऊ. खेळ मोबाइलवरचा आहे, प्रथमपुरुषी दृष्टीतून दिसणारा. रायफल मिनिटाला ६०० गोळ्या झाडते, म्हणजे दर ०.१ सेकंदाला एक. मॅगझिन ३० गोळ्यांचं. प्रतिस्पर्ध्याची हेल्थ १००, अंगावर लागलेल्या गोळीचं डॅमेज ३४, डोक्यावर लागली तर एकीतच काम. अंगावर तीन गोळ्या लागतात आणि पहिली ते तिसरी यांत ०.२ सेकंद जातात. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, रिकॉइल ठरवताना तो लागेल.

सुरुवात स्प्रेडपासून करा. रिकॉइल आणि एम असिस्ट दोन्ही शून्यावर ठेवा. तिन्ही एकदम चालू ठेवून आकडे फिरवत बसलं की एकाचा दोष दुसरं झाकतं, आणि महिनाभराने आपण नक्की काय दुरुस्त केलं ते आपल्यालाच सांगता येत नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये सरावासाठी `weapon_accuracy_nospread` ही आज्ञा आहे. ती १ केली की स्प्रेड जातो आणि भिंतीवर फक्त रिकॉइलची आकृती उमटते. तुमच्या खेळातही तिन्हींसाठी अशी स्वतंत्र बटणं पहिल्याच दिवशी करून ठेवा.

स्प्रेड अंशांत मोजला जातो, पण ठरवावा मीटरमध्ये. आधी नकाशा पाहा. आपल्या नकाशात बहुतेक चकमकी १० ते २५ मीटरवर होतात आणि सर्वांत लांब गल्ली ३५ मीटरची आहे असं धरू. आता एक वचन ठरवा: स्थिर उभं राहून, डोक्याच्या मध्यावर नेम धरून झाडलेली पहिली गोळी जवळजवळ सगळ्या नकाशावर लागलीच पाहिजे. डोक्याच्या हिटबॉक्सची त्रिज्या १२ सेंटिमीटर आहे. मग गणित असं:

```
spread_deg = atan(0.12 / 34) * 180 / PI
```

उत्तर येतं ०.२ अंश. म्हणजे ३४ मीटरपर्यंत नेम बरोबर असेल तर गोळी डोक्याबाहेर जाऊच शकत नाही. ‘०.२ बरं वाटतं’ म्हणून तो आकडा ठेवणं आणि ‘३४ मीटरपर्यंत वचन आहे’ म्हणून ठेवणं यात फरक आहे. उद्या नकाशात ५० मीटरची गल्ली आली, तर दुसऱ्या माणसाला कोणता आकडा पुन्हा काढायचा ते लगेच कळतं.

सलग झाडताना स्प्रेड वाढू द्यायचा. दहाव्या गोळीपर्यंत तो १ अंश होतो असं धरा आणि त्याचा अर्थ जमिनीवर तपासा. छाती-पोटाचा भाग ४० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच. १० मीटरवर १ अंशाचं वर्तुळ साडेसतरा सेंटिमीटर त्रिज्येचं होतं, म्हणजे रिकॉइल नीट सावरलं तर प्रत्येक गोळी अंगावर. २० मीटरवर त्रिज्या ३५ सेंटिमीटर होते आणि पाचांतल्या साधारण तीन गोळ्या छाती-पोटावर लागतात. ३५ मीटरवर त्रिज्या ६१ होते आणि पाचांत एक. मला ही उतरण योग्य वाटते. जवळ बोट दाबून ठेवणं फायद्याचं, मध्यम अंतरावर धोक्याचं, लांब मूर्खपणाचं. आणि खेळणारा हे दोन सामन्यांत स्वतःच शिकतो.

गोळी वर्तुळात कुठे पडेल हे काढताना एक दोष वारंवार दिसतो. आडव्या आणि उभ्या दिशेला वेगवेगळे यादृच्छिक आकडे घेतले की वर्तुळाऐवजी चौकोन होतो, आणि कोपऱ्यात पडलेली गोळी वचनापेक्षा ४१ टक्के लांब जाते. बरोबर पद्धत ही:

```
a = 2 * PI * rand()
r = spread * sqrt(rand())
```

यातलं वर्गमूळ काढून टाकलं तर निम्म्या गोळ्या मधल्या अर्ध्या त्रिज्येत, म्हणजे एक चतुर्थांश क्षेत्रफळात पडतात. हा दोष असू शकतो किंवा सोयही. मध्याकडे झुकलेला स्प्रेड हाताला जास्त प्रामाणिक वाटतो, कारण नेम मध्यावर धरलेला असतो. तो ठेवायला हरकत नाही, पण ठरवून ठेवा. आणि मग वर काढलेले पाचांत तीन, पाचांत एक हे हिशेब पुन्हा करा.

आता क्रॉसहेअर. माझ्या अनुभवात खेळणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. क्रॉसहेअरच्या चार रेघांमधली मोकळी जागा म्हणजे गोळी कुठवर जाऊ शकते याची कबुली. ती नुसत्या ॲनिमेशनने फुगवू नका, गणिताने काढा. स्क्रीनची उंची १०८० पिक्सेल आणि उभा दृष्टिकोन ६० अंश असेल तर १ अंशाचा स्प्रेड मध्यापासून सुमारे १६ पिक्सेल:

```
px = 540 * tan(spread) / tan(vfov / 2)
```

स्कोप लावला की `vfov` बदलतो, म्हणून हा हिशेब दर फ्रेमला करावा. धावताना स्प्रेड ३ अंश होत असेल तर रेघा लगेच लांब जाव्यात, आणि खेळणारा थांबल्यावर स्प्रेड ज्या वेगाने उतरतो त्याच वेगाने जवळ याव्यात. रेघा मिटल्या पण स्प्रेड अजून उतरलाच नाही, असं सेकंदाच्या दहाव्या भागापुरतंही झालं तरी खेळणाऱ्याला ते जाणवतं. काय बिघडलं ते त्याला नेमकं सांगता येत नाही, पण बंदुकीवरचा विश्वास उडतो.

रिकॉइल: शिकता येईल असा धक्का

स्प्रेड नशिबावर असतो, त्यामुळे तो थोडाच असावा. रिकॉइलचं उलट आहे. ते दरवेळी जवळपास सारखं असलं तर हाताला पाठ होतं, आणि पाठ झालेल्या गोष्टीत हरलो तर दोष आपला वाटतो. काउंटर-स्ट्राइकच्या एके-४७ ची आकृती वर्षानुवर्षं लोक भिंतीवर गोळ्या झाडून शिकत आले आहेत, ते याच कारणाने.

आपल्या रायफलीला तीन गोळ्या लागतात. म्हणून पहिल्या तीन गोळ्यांत खेळणाऱ्याला काहीही सावरावं लागू नये असं मी ठरवेन. प्रत्येक गोळीनंतर ०.३ अंश वर. तिसरी गोळी सुटेपर्यंत दोन धक्के बसलेले असतात, म्हणजे ०.६ अंश, २० मीटरवर हे २१ सेंटिमीटर होतात. छातीच्या मध्यावर नेम धरला असेल तर तिसरी गोळीही अंगातच राहते. ज्याचा पहिला नेम अचूक होता त्याला ०.२ सेकंदांत त्याचं फळ मिळतं. चौथ्या ते दहाव्या गोळीनंतर धक्का ०.५५ अंशाचा करा. दहा गोळ्यांनंतर एकूण ४.७५ अंश होतात, २० मीटरवर पावणेदोन मीटरच्या जवळपास. न सावरणाऱ्याच्या गोळ्या डोक्यावरून निघून जातात, आणि क्रॉसहेअर वर चढताना दिसत असल्याने का गेल्या हेही कळतं. अकराव्यापासून उभा धक्का ०.१ वर आणा आणि आडवा झोका सुरू करा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. प्रत्येक धक्क्यात दहा टक्क्यांपर्यंत यादृच्छिक फरक चालतो, त्याने बंदूक जिवंत वाटते. त्याहून जास्त केलात तर रिकॉइलच्या वेशातला स्प्रेडच तयार होतो.

धक्का दाखवायचा किती, हा वेगळा निर्णय आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये कॅमेरा रिकॉइलच्या काही भागापुरताच हलतो. सीएस:गोमध्ये `view_recoil_tracking` चं मूळ मूल्य ०.४५ आहे. त्यामुळे सलग झाडताना गोळ्या क्रॉसहेअरच्या वर जातात. माऊसवर शेकडो तास घालवणाऱ्यांना ते चालतं. टचस्क्रीनवर, जिथे बोटच अर्धा पडदा झाकतं, तिथे मी कॅमेरा आणि गोळी पूर्ण जोडून ठेवेन: क्रॉसहेअर जिथे, गोळी तिथे. जोर जाणवण्यासाठी बंदुकीचं मॉडेल मागे आपटवा, आवाज भारी करा, नळीतली झळाळी वाढवा. या गोष्टी गोळीच्या दिशेला हात लावत नाहीत, म्हणून त्या हव्या तेवढ्या करता येतात. कॅमेरा थरथरवणार असाल तर गोळीची दिशा थरथर मिसळण्यापूर्वीच्या कोनातून घ्या.

सर्वांत जास्त बिघाड होतो तो नेम परत खाली येण्यात. खेळणारा बोट सोडतो तेव्हा नेम आपोआप मूळ जागी यावा अशी सोय आपण करतो. आता समजा एखाद्या कसलेल्या खेळाडूने झाडताना बोट खाली ओढत ४.७५ अंशांचा पूर्ण धक्का सावरला. नेम छातीवरच आहे. तो थांबतो, आणि खेळ त्याला आणखी ४.७५ अंश खाली नेतो. नेम जमिनीत. ज्याने सर्वांत चांगलं खेळून दाखवलं त्यालाच शिक्षा झाली. अशा खेळात अनुभवी खेळाडू ‘बंदूक जड वाटते’ म्हणतात आणि नवख्यांना काहीच खटकत नाही. हा फरक दिसला की आधी इथे पाहा. उपाय म्हणजे धक्क्याची उधारी लिहून ठेवायची आणि खेळणाऱ्याने स्वतः खाली ओढलेलं तिच्यातून वजा करायचं:

```
debt += kick
if (input < 0) debt = max(0, debt + input)
back = debt * (1 - exp(-8 * dt))
pitch -= back
debt -= back
```

पहिली ओळ गोळी सुटताना चालते, दुसरी दर फ्रेमला, आणि शेवटच्या तीन शेवटची गोळी सुटून ०.१२ सेकंद झाल्यावर. धन म्हणजे वर, ऋण म्हणजे खाली. ८ हा आकडा ठेवला तर ०.३ सेकंदांत सुमारे ९० टक्के उधारी फिटते. पूर्ण सावरणाऱ्याची उधारी शून्य, त्याचा नेम हलतच नाही.

यातलं `exp` दिखाव्यासाठी नाही. बरेच जण दर फ्रेमला ‘उरलेल्याच्या दहा टक्के परत’ असं लिहितात. ६० फ्रेमच्या फोनवर ०.३ सेकंदांत १८ फ्रेम होतात आणि १५ टक्के धक्का उरतो. ३० फ्रेमच्या फोनवर ९ फ्रेम होतात आणि ३९ टक्के उरतो. स्वस्त फोनवाल्याची बंदूक खरोखरच वाईट होते. गोळ्यांच्या वेगाचंही तसंच. मिनिटाला ६०० गोळ्यांचं अंतर दोन्ही फोनवर पूर्ण फ्रेममध्ये बसतं, म्हणून आपल्या रायफलीत हा दोष लपून राहतो. दुसरी बंदूक ७५० ची केली की अंतर ०.०८ सेकंद होतं. ते फ्रेममध्ये वर ढकललं गेलं तर ६० फ्रेमवर ती ७२० ची राहते आणि ३० फ्रेमवर ६०० ची. पुढच्या गोळीची वेळ ‘आत्ता अधिक ०.०८’ अशी न काढता ‘मागची ठरलेली वेळ अधिक ०.०८’ अशी काढा आणि एका फ्रेममध्ये दोन गोळ्या सुटायची पाळी आली तर दोन्ही सोडा. आपल्याकडे एकाच सामन्यात पन्नास हजारांचा फोन आणि आठ हजारांचा फोन समोरासमोर येतात. या दोन दुरुस्त्या न करता निष्पक्षपणाची बाकी चर्चा करण्यात अर्थ नाही.

एम असिस्ट सगळ्यात शेवटी

एम असिस्टचं काम एकच: बोट किंवा कंट्रोलरची काडी माऊसइतकी बारीक हलत नाही, ती उणीव भरून काढणं. त्याच्या तीन तऱ्हा आहेत. नेम शत्रूवर आला की वळण्याचा वेग कमी करणं ही पहिली. शत्रू सरकला की कॅमेरा थोडा त्याच्याबरोबर वळवणं ही दुसरी. गोळीच जवळच्या शत्रूकडे वाकवणं ही तिसरी. २००१ च्या पहिल्या ‘हेलो’पासून कंट्रोलरवरच्या खेळांत ती रुळली आहे. आपण क्रॉसहेअरला वचनाचा दर्जा दिला आहे, त्यामुळे तिसरी इथे नको. गोळी रेघांबाहेर लागू लागली तर मरणाऱ्याला ती फसवणूक वाटेल.

वेग कमी करणं तुलनेने सोपं आहे. शत्रूची अर्धी रुंदी त्या अंतरावर किती अंश दिसते ते काढा. २५ सेंटिमीटर त्रिज्येचं शरीर २० मीटरवर मध्यापासून कडेपर्यंत ०.७ अंश दिसतं. त्याच्या दुप्पट अंतरावरून परिणाम हळूहळू सुरू करा आणि शरीरावर पोचेपर्यंत वेग ६० टक्क्यांवर आणा. एकदम ६० टक्के केलंत तर नेम चिकटल्यासारखा वाटतो. खेळणारा बोट जोरात फिरवत असेल, म्हणजे त्याला दुसऱ्याच शत्रूकडे जायचं असेल, तर मदत पूर्ण बंद. शत्रू मेला की त्याच क्षणी बंद, नाहीतर नेम प्रेताभोवती घुटमळतो आणि दुसरा शत्रू आपल्याला मारून जातो. भिंतीआड, आणि विशेषतः धुराआड बंद. धुरातून नेम जड झाला की समोर कुणीतरी आहे हे कळतं, आणि मग धुराचा बॉम्ब टाकणाऱ्याला तुम्ही फसवलेलं असतं.

खरा वाद दुसऱ्या तऱ्हेचा आहे, आणि तो समजायला एक गुणाकार पुरतो. शत्रू सेकंदाला ५ मीटर वेगाने आडवा पळतोय. २० मीटरवर तो सेकंदाला १४ अंश सरकताना दिसतो. ४० टक्के मदत म्हणजे जेमतेम ६ अंश, बाकीचं खेळणाऱ्याला करावं लागतं. हाच शत्रू ५ मीटरवर ५७ अंश सरकतो आणि तीच ४० टक्के मदत २३ अंश होते. शिवाय माणसाचा डोळा दिशाबदल पाहून हात हलवेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात; तेवढ्यात तो शत्रू मीटरभर सरकलेला असतो. एम असिस्टला हा विलंब नाहीच. म्हणून जवळच्या लढाईत माऊसवाले हतबल होतात आणि तक्रार नेहमी जवळच्या अंतराबद्दलच येते. एपेक्स लेजेंड्सने २०२४ मध्ये पीसीवर कंट्रोलरची मदत कमी केली, त्यामागचा वाद हाच होता. पण सगळीकडे टक्के कमी केले तर २० मीटरवरच्या माणसाची गरजेची मदतही जाते. त्यापेक्षा मदतीला कमाल मर्यादा घाला, सेकंदाला ८ अंश म्हणा. मग २० मीटरवर काही बदलत नाही आणि ५ मीटरवर २३ चे ८ होतात. आणखी एक: शत्रूने दिशा बदलल्यावर मदतीलाही ०.१५ ते ०.२ सेकंदांचा उशीर लावा.

ही मदत फक्त शत्रूच्या हालचालीइतकीच असावी, नेम आणि शत्रू यांच्यातलं अंतर भरून काढणारी नसावी. नाहीतर ती रिकॉइलचा धक्काही खाऊन टाकते आणि वर मेहनतीने ठरवलेली आकृती टचवाल्यांसाठी नाहीशी होते. तपासायला सोपं आहे. स्प्रेड बंद ठेवून, उभ्या पुतळ्यावर बोट न हलवता पूर्ण मॅगझिन झाडा, एकदा मदत बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून. दोन्ही वेळच्या आकृत्या जवळपास सारख्याच उमटल्या पाहिजेत. जायरोस्कोपने नेम धरणाऱ्यांना, आणि आपल्याकडे ते पुष्कळ आहेत, ही दुसरी मदत देऊच नका. त्यांच्या मनगटाची हालचाल माऊसच्या जवळ जाणारी असते.

मोजायचं काय

प्रत्येक गोळीमागे चार गोष्टी नोंदवा: अंतर, गोळी सुटताना क्रॉसहेअर शत्रूवर होता का, गोळी लागली का, आणि खेळणारा टचवर, जायरोवर की कंट्रोलरवर होता. क्रॉसहेअर शत्रूवर असूनही चुकलेल्या गोळ्या वेगळ्या काढा. स्थिर उभ्या खेळाडूने ३४ मीटरच्या आत डोक्याच्या मध्यावर नेम धरून झाडलेल्या पहिल्या गोळ्यांत हा आकडा शून्यच असायला हवा, तसं आपण गणितानेच ठरवलं आहे. तो शून्य नसेल तर स्प्रेडला हात लावू नका. एकतर फोनवर दिसणारा शत्रू आणि सर्व्हरला माहीत असलेला शत्रू वेगवेगळ्या जागी आहेत, किंवा हिटबॉक्स डोकं हलवताना मागे राहतोय, किंवा यादृच्छिक आकड्यांचं बीज दोन्हीकडे वेगळं पडून फोनवर दिसलेली गोळी आणि सर्व्हरने मोजलेली गोळी निराळ्या दिशेला गेल्या आहेत. बीज दोन्हीकडे सारखं ठेवण्याची किंमतही ओळखून असा: फोनला ते आधी माहीत असेल तर स्प्रेड रद्द करणारी चीट लिहिता येते. म्हणून बक्षिसाच्या स्पर्धांसाठी बीज सर्व्हरकडेच ठेवावं आणि गोळीचा माग सर्व्हरचं उत्तर आल्यावर दाखवावा.

एम असिस्टसाठी ५ ते १० मीटरच्या चकमकी वेगळ्या पाहा आणि तीन गटांची लागण्याची टक्केवारी शेजारी मांडा. टच आणि जायरो यांत २० मीटरवर फरक कमी पण जवळ मोठा असेल, तर कमाल मर्यादा ८ वरून ६ वर आणून आठवडाभर थांबा, दुसरं काही बदलू नका. हे सगळे आकडे ॲपमध्ये न ठेवता सर्व्हरवरून येऊ द्या. ॲपच्या अपडेटची वाट पाहिलीत तर काही फोनवर नवी रायफल आणि काही फोनवर जुनी अशा स्थितीत लोक एकमेकांशी लढत राहतील, आणि त्या आठवड्याच्या नोंदी कशाच्याच कामाच्या उरणार नाहीत.